हुरूप वाढतो, हुशारी नाही

परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून उत्तेजक गोळी मागून घेणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब सरळ असतो. जी गोळी एडीएचडी असलेल्या चंचल मुलाला तासभर एका जागी बसवते, ती आपल्याला रात्रभर बसवेल. हा हिशेब कुठे चुकतो हे समजावून न सांगता नुसते दटावून काही साधणार नाही.

आपल्याकडे एडीएचडीसाठी प्रामुख्याने वापरले जाणारे उत्तेजक म्हणजे मेथिलफेनिडेट. मेंदूतील पेशींनी सोडलेली डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने पुन्हा शोषली जातात. हे औषध त्यात आडकाठी आणते. कपाळामागचा, मनाला आवर घालणारा भाग त्यामुळे नीट काम करू लागतो. चेतवला जातो तो लगाम, म्हणून मूल शांत होते. मात्र हा परिणाम रुग्णांपुरता नाही. ज्युडिथ रॅपपोर्ट यांनी 1978 मध्ये अमेरिकेत निरोगी मुलग्यांना ॲम्फेटामिन वर्गातील उत्तेजक दिले, तेव्हा त्यांचीही चुळबुळ कमी झाली. तेव्हा ‘गोळीने मन लागले, म्हणजे मलाही एडीएचडी आहे’ हा निष्कर्ष खोटा.

मन लागले म्हणजे डोके चालले, असेही नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2023 मध्ये 40 निरोगी तरुणांना एक कोडे घातले: ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या तर एकूण मोल सर्वाधिक होईल? मेथिलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन किंवा मोडाफिनिल घेतल्यावर त्यांनी वेळ जास्त दिला, वस्तूंची काढघालही जास्त केली. पण प्रत्येक खेळीचा दर्जा घसरला. औषधाविना सरस ठरणारे अनेक जण तर औषधाने सरासरीच्या खाली गेले. विद्यार्थ्याला जाणवतो तो हुरूप खरा असतो. फसवतो तो त्यातून आलेला आत्मविश्वास. त्यात वाचलेले पक्के करणारी झोप जाते आणि छातीतली धडधड वाढते, ते वेगळेच.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. पण दुकानातून रीतसर बाहेर पडलेली पट्टी खोलीत चौघांत वाटली गेली, तर कायदा तिथे पोहोचत नाही. म्हणून बंधने आणखी आवळून खऱ्या रुग्णाला दुकानोदुकानी फिरवणे हा उपाय नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून होती का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत होती का, हे विचारल्याशिवाय डॉक्टरांनी चिठ्ठी लिहू नये. ज्याला ती मिळाली, त्याला गोळ्या वाटण्यातला धोका पहिल्याच भेटीत सांगावा. आणि परीक्षा जवळ आल्यावरच ज्याचे लक्ष उडते, त्याला गोळीआधी झोप आणि समुपदेशन मिळावे.