उजनी 0 टक्के? की आकडा आलाच नाही?

सोलापूरकर उन्हाळ्यात मोबाईलवर उजनीचा आकडा बघतात, तसंच पावसाळ्यातही बघतात. आता समजा, काल डॅशबोर्डवर 60 टक्के होतं आणि आज सकाळी 0 दिसतंय. पाणी गेलं कुठं?

जरा हिशेब करू. उजनीचा उपयुक्त साठा साधारण 53.5 टीएमसी, म्हणजे 60 टक्के म्हणजे 32 टीएमसी. नदीत सलग 1 लाख क्युसेकने पाणी सोडलं, तरी दिवसाला 8.64 टीएमसीच जातं. म्हणजे 32 टीएमसी संपायला पावणेचार दिवस लागतील. एका रात्रीत 0 होणं शक्यच नाही. धरण जागेवर आहे, फक्त आज डेटाची एकही ओळ आलेली नाही.

ही गडबड बहुतेकदा अशी होते:

```sql
SELECT COALESCE(SUM(live_tmc), 0)
FROM readings
WHERE reading_date = CURRENT_DATE;
```

ओळ नसेल तर `SUM` चं उत्तर `NULL` येतं, म्हणजे 'माहीत नाही'. `COALESCE` त्याचा 0 करतो. सर्व्हरने 200 पाठवलेला असतो, एरर कुठेच नसतो, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

दुसरीकडे हा चुकीचा 0 खपून जाईल, पण उजनीत नाही. इथं 0 ला खरा अर्थ आहे: उपयुक्त साठा संपला, आता मृत साठा सुरू. 2024 च्या उन्हाळ्यात तर धरण मायनसमध्ये गेलं होतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तो खोटा 0 खराच वाटेल, आणि टँकरची धावपळ सुरू होईल.

मग दाखवायचं काय? माझ्या मते शेवटचा खरा आकडा, आणि त्याच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरात 'काल सकाळी 6 ची नोंद, आजची आलेली नाही'. त्यासाठी जुनं टेबल आधी पुसून नवीन भरायची सवय सोडावी लागते. नवा डेटा वेगळ्या टेबलात घ्या, ओळी मोजा, आणि 0 असतील तर जुन्याला हात लावू नका.

पण जुना आकडा किती वेळ ठेवायचा? मे महिन्यात पातळी हळू उतरते, दोन दिवस चालेल. ऑगस्टमध्ये दौंडकडून पाण्याचा लोंढा येत असताना सहा तासांपूर्वीचा आकडाही भीमाकाठच्या माणसाला फसवेल. तेव्हा मी आकडा काढून 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच लिहीन.

सोलापूरच्या कांदा बाजाराचं मात्र उलटं आहे. सुट्टीच्या दिवशी आवकेच्या 0 ओळी हेच बरोबर उत्तर. तिथं 'आज बाजार बंद' असं दाखवायचं, आणि त्यासाठी डॅशबोर्डकडे सुट्ट्यांची यादी हवी. ती नसेल, तर बंद बाजार आणि बंद पडलेला सर्व्हर त्याला सारखेच दिसतात.