कार्डावरची पहिली नोंद

11 एप्रिल. कस्तुरबा गांधींच्या जन्मदिनी देशात राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन पाळला जातो, 2003 पासून. हा दिवस ठरवताना कुणाच्या मनात आले होते की नाही ठाऊक नाही, पण कस्तुरबांचे लग्न वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी झाले होते आणि 1885 मध्ये, सोळाव्या वर्षी, झालेले त्यांचे पहिले बाळ तीन-चार दिवसांतच गेले. सासरे करमचंद गांधी यांच्या निधनाच्या दिवसांत घडलेली ही गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आणि दोष स्वतःकडे घेतला. ज्या दिवशी आपण मातृत्वाच्या सुरक्षिततेचे कार्यक्रम घेतो, तो दिवस एका सोळा वर्षांच्या आईचा आहे.

आणखी एका अर्थाने हा दिवस महाराष्ट्रात नेमका पडतो. साखर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातून, कर्नाटकातून बीड, परभणी, जालन्याकडे परतत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. परभणीत 48 टक्के. मुकादमाची उचल ‘कोयत्या’वर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामाच्या तोंडावर लग्ने का उरकली जातात, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

अशी एक मुलगी समजा. वय 17, कागदावर 19. तिची शेवटची पाळी 1 सप्टेंबरला आली. ऑक्टोबरअखेर ट्रक निघाला तेव्हा ती आठ आठवड्यांची गरोदर होती, पण हे तिला कळलेले नव्हते. या वयात पाळी मुळात अनियमित असते, त्यामुळे महिना-दोन महिने चुकले तर कुणी मनावर घेत नाही. मग थंडीतली पहाटे चारची तोड, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत तीन दगडांची चूल. पाच महिन्यांनी ती गावी परतली. 9 एप्रिलला, दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते त्या दिवशी, आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. गरोदरपणाचा 32 वा आठवडा चालू. आयुष्यातली ही तिची पहिली तपासणी.

सिस्टरने तीन गोष्टी लिहिल्या. रक्तदाब 134/86. हिमोग्लोबिन 8.1. पोटावर टेप लावला तर गर्भाशयाची उंची 27 सेंटिमीटर.

वरवर पाहता यातले काहीच भयंकर नाही. आणि खरी अडचण इथेच आहे.

रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला की नियमाप्रमाणे तो वाढलेला धरतात. 134/86 त्याच्या अलीकडे आहे. पण सतरा वर्षांच्या सडपातळ मुलीचा नेहमीचा रक्तदाब 96/60 असू शकतो. गरोदरपणाच्या मध्यावर तो थोडा उतरतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा मूळ जागी येतो. तिचा मूळचा आकडा 96/60 असेल, तर 134/86 म्हणजे घाट अर्धा चढून झाला. मूळचाच 126/80 असेल, तर फारशी चिंता नाही. दहाव्या आठवड्यातली एक नोंद हा निवाडा करू शकली असती. ती नसल्याने डॉक्टर लघवीतली प्रथिने तपासतात, तीन-चार दिवसांनी पुन्हा बोलावतात, आणि ती येईल अशी आशा धरतात. गरोदरपणातला हा रक्तदाबाचा विकार, प्रीएक्लॅम्प्सिया, पहिलटकरणींत अधिक दिसतो आणि कुमारवयातली आई बहुधा पहिलटकरीणच असते. त्याचे पुढचे टोक म्हणजे एक्लॅम्प्सिया, झटके. जागतिक आरोग्य संघटना वीस ते चोवीस वयाच्या मातांशी तुलना करून सांगते की, दहा ते एकोणीस वयाच्या मातांत हे झटके आणि बाळंतपणानंतरचा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त असतो. झटक्याआधी बहुतेकदा खुणा दिसतात: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज. पण घरात याला पित्त म्हणतात, आणि झटका आल्यावर फेफरे. कांदा हुंगवण्यात तास जातो. खरा उपाय मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन. त्याचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊन मगच मोठ्या रुग्णालयाकडे पाठवायचे असते.

झटक्यांपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून जे करता येते, त्याला मुदत असते. जोखीम दिसली तर डॉक्टर कमी मात्रेचे ॲस्पिरिन देतात. ते बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू झाले तर उत्तम. आपल्या मुलीसाठी ही मुदत 24 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर होती. कॅल्शियमच्या गोळ्या चौदाव्या आठवड्यापासून. त्या दिवसांत ती उसाच्या फडात होती.

आता 8.1. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर महिन्याला साधारण एक ग्रॅमची वाढ धरतात, म्हणजे अकरावर यायला तीन महिने लागतील. बाळंतपणाची तारीख 8 जून आहे. हातात दोन महिने, तेही आठवे-नववे, ज्यात बाळ स्वतःसाठी आईकडचे लोह सर्वांत जास्त ओढून घेते. म्हणून आता शिरेतून लोह द्यावे लागेल आणि रक्तसाठा असलेल्या ठिकाणीच बाळंतपण ठरवावे लागेल. साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. अकराची बाई ते सोसते, आठवाली कोलमडू शकते. कुमारवयात हा खड्डा आधीपासून असतो: त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. पाळी सुरू होऊन चार-पाच वर्षे झालेली, अंगाची वाढ चालू, ताटात भाकरी-मिरची.

तिसरा आकडा 27, आणि हा सर्वांत अवघड. 32 व्या आठवड्यात ही उंची तीसच्या पुढे हवी. मग बाळ खुरटले आहे, की पाळीची तारीखच चुकली आणि गरोदरपण 27-28 आठवड्यांचे आहे? दोन्हींचे उपचार निराळे. तीन-चार आठवड्यांनी कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने द्यायची की नाही, नवजात अतिदक्षता विभाग शोधायचा की नाही, हे यावर ठरते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी बाळाचे वय आठवड्याभराच्या फरकाने सांगते. आता केलेली सोनोग्राफी तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते, कारण आता बाळे आपापल्या चणीने वाढू लागलेली असतात. यंत्र तेच, डॉक्टर तेच; उत्तर मात्र धूसर.

बाळ खरोखरच खुरटले असेल, तर त्यामागे एक कारण असे आहे जे तिशीतल्या आईला लागू होत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात टेरेसा शॉल आणि सहकाऱ्यांनी कुमारवयीन गरोदर मुलींची गुडघ्यापर्यंतची उंची काटेकोर मोजली, तेव्हा त्यांतल्या अनेकींची स्वतःची वाढ अजून चालू असल्याचे दिसले. अशा मुलींचे वजन छान वाढे, पण ते त्यांच्याच अंगी लागे. बाळे हलकी निपजत. एकाच ताटावर दोन वाढती शरीरे बसलेली. कटिभागाचेही तसेच: मुलीची उंची थांबते त्यानंतरही काही काळ जन्ममार्गाची हाडे रुंदावत असतात. चौदा-पंधराव्या वर्षी कळा सुरू झाल्या तर डोके अडू शकते, आणि वेळेत सिझेरियन झाले नाही तर मूत्राशय व योनीमध्ये भोक पडून जन्मभर लघवी ठिबकत राहू शकते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळाच धोका वयाचा नसतो. अठरा-एकोणीसच्या, पोटभर जेवणाऱ्या, पहिल्या महिन्यापासून तपासणीत असलेल्या मुलीचे गरोदरपण बहुतेकदा नीट पार पडते. तिथे गरिबी आणि उशीर यांचाच वाटा मोठा. पंधरा-सोळाच्या खाली मात्र शरीरच कच्चे असते. म्हणून लवकर तपासणी हा बालविवाहावरचा उतारा नव्हे. आणि लवकर आलेल्या मुलीला आणखी एक दार उघडे असते, ज्याबद्दल सुरक्षित मातृत्वाच्या फलकांवर काहीच लिहिलेले नसते. 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत, पालकांच्या लेखी संमतीने, कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. आपल्या मुलीची ती मुदत 16 फेब्रुवारीला संपली. तिला कुणी विचारलेच नाही.

मग ती आधी का आली नाही? फड, मुकादम, बुडणारी मजुरी हे आहेच. पण गावात असलेल्याही उशिरा येतात, आणि त्याचे कारण कार्डावरच्या त्या 19 मध्ये आहे. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरतो, आणि पोक्सो कायद्याने डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. कायद्याचा हेतू मुलीच्या रक्षणाचा आहे, यात वाद नाही. प्रत्यक्षात मात्र सासू तिला घरात ठेवते, किंवा नोंदणीच्या टेबलावर वय वाढवून सांगते, आणि टेबलामागचेही ते ऐकून घेतात. 19 लिहिले की गुन्हा मिटतो. पण त्याच क्षणी जोखमीची खूणही कार्डावरून पुसली जाते. सतराची मुलगी साध्या रांगेत बसते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये गर्भपातापुरती एक वाट काढून दिली: मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. तीच सवलत गरोदरपणाच्या तपासणीलाही मिळावी, असे आमचे मत आहे. नवऱ्यावर खटला चालवायचा की नाही हा प्रश्न कळीचा आहे, पण तो रक्तदाबाच्या पट्ट्याआधी विचारला जाऊ नये.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे आणि तिला न्यायालय लागत नाही. आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाचा लघवीतपासणीचा संच असतो. पाच मिनिटांत उत्तर देतो. दसऱ्याच्या सुमारास कुठला कोयता कोणत्या कारखान्याला जाणार याची यादी मुकादमाकडे तयार असते. ती यादी उपकेंद्रात पोहोचावी, आणि ट्रक निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यातल्या प्रत्येक नव्या नवरीची पाळी विचारली जावी. चुकली असेल तर लघवीची पट्टी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन, उंची, खरे वय, जमल्यास तालुक्याला एक सोनोग्राफी. आपल्या मुलीचा ऑक्टोबरअखेरचा आठवा आठवडा त्यात बसला असता. कार्ड तिच्या हातात, आणि त्याचा फोटो कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या मोबाइलवर. जानेवारीत त्या कोपीवर कुणी गेले आणि रक्तदाब 120/76 भरला, तर शेजारच्या रकान्यात 96/60 लिहिलेले दिसेल.