‘काही सापडलं नाही’ म्हणजे ‘खरा आहे’ नव्हे

डेटिंग अ‍ॅपवर कोणी फसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न फसवणाऱ्याबद्दल नसतो. तो फसलेल्यालाच विचारला जातो: ‘अगं, साधा फोटो गूगलवर टाकून बघितला नाहीस?’ मग ऑफिसच्या कँटीनमध्ये, कॉलेजच्या ग्रुपवर, मावशीच्या घरी सगळे एकदम सायबरतज्ज्ञ होतात. दोन मिनिटांचं काम होतं म्हणे. माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला अर्धाच आहे, आणि तो ज्या आत्मविश्वासाने दिला जातो त्यामुळे घातक आहे. फोटो शोधून पाहू नका असं मी म्हणत नाही. जरूर पाहा. पण त्या शोधाचं उत्तर कसं वाचायचं हे सांगितल्याशिवाय तो सल्ला देऊ नका.

माझं रोजचं काम असल्याच शोधांशी निगडित आहे. ऑनलाइन विक्रीच्या एका साइटसाठी मी कोड लिहितो. एकाच कुकरचा एकच फोटो पंधरा विक्रेते थोडा कापून, थोडा उजळ करून टाकतात, ते पकडणं हा त्यातला एक भाग. त्यामुळे ‘हा फोटो आधी कुठे होता का’ या प्रश्नाला मशीन कसं उत्तर देतं आणि कुठे गप्प बसतं, हे मला रोज दिसतं.

त्याची सर्वांत साधी पद्धत सांगतो. फोटो आधी कृष्णधवल करायचा आणि इतका लहान करायचा की आडवे ९ आणि उभे ८ ठिपके उरतील. मग प्रत्येक ओळीत विचारायचं: पुढचा ठिपका आधीच्यापेक्षा उजळ आहे का? असेल तर १, नसेल तर ०. समजा एका ओळीतल्या ठिपक्यांचा उजेड ४०, ६२, ९०, १२०, १४०, १५०, १४५, १७०, १८० असा आहे. तर त्या ओळीचा ठसा झाला ११११०११. थांबा, हे तर सातच आकडे झाले. नऊ ठिपक्यांत तुलना आठ होतात, म्हणून ठसा ११११ १०११. (असा एखादा आकडा गळला की अख्खा ठसा बिघडतो, म्हणून हे काम मशीनच करतं.) अशा आठ ओळी मिळून ६४ आकड्यांचा ठसा तयार होतो, आणि दोन फोटोंचे ठसे जवळजवळ सारखे असले की फोटो एकच.

यात गंमत अशी की फोटोला फिल्टर लावून सगळे ठिपके दहाने उजळ केले तरी ठसा बदलत नाही, कारण कोण कोणापेक्षा उजळ हे नातं तसंच राहतं. पण तोच फोटो आरशातल्यासारखा उलटा करा. आता तीच ओळ १८०पासून ४०पर्यंत वाचली जाते आणि ठसा होतो ००१० ००००. आठांपैकी सहा आकडे बदलले. माणसाच्या डोळ्याला तोच फोटो, मशीनच्या लेखी वेगळाच. गूगल लेन्ससारखी मोठी यंत्रणा यापेक्षा बरीच हुशार आहे, उलटे फोटो ती अनेकदा ओळखतेही. पण ‘अनेकदा’ आणि ‘नेहमी’ यांच्यामधल्या फटीतूनच चोर ये-जा करतो.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण घेऊ. माझ्या एका मैत्रिणीने मला एक प्रोफाइल पाठवलं. वय ३१, पुण्यात हाडांचा डॉक्टर, चार फोटो. तिने शोध घेतला होता, काही सापडलं नव्हतं, आणि ती निश्चिंत होती. मला फक्त ‘दिसतो कसा’ एवढंच सांगायचं होतं.

तिने काय केलं ते पाहिलं. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा लेन्समध्ये टाकला होता, त्यावरच्या नाव-वयासह आणि हार्टच्या बटणासह. ही पहिली अडचण. अ‍ॅपची सजावट आधी कापून टाकायला हवी, नाहीतर मशीन त्यातही साम्य शोधत बसतं. ती कापून आम्ही पुन्हा शोधलं, तर लेन्सने त्या माणसाच्या अंगातल्या शर्टासारखे शर्ट दाखवले, किमतीसकट. हेही नेहमीचंच. लेन्सचं पहिलं पान ‘यासारखं काय आहे’ हे सांगतं, ‘हाच फोटो कुठे आहे’ हे नाही. त्यासाठी निकालांमधल्या Exact matches या टॅबवर जावं लागतं. तिथे गेलो. काहीच नाही.

मग फोटोच नीट पाहिला. चौथ्या फोटोत तो गाडीच्या उघड्या दाराशी उभा होता. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गाडी आपल्याकडचीच वाटावी. नंबरप्लेट कापलेली. पण शर्टाचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर होता. पुरुषांच्या शर्टाला एकच खिसा असेल तर तो सहसा डाव्या बाजूला असतो. बटणपट्टी पाहिली, तर उजवी बाजू डावीवर आलेली. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर असते. दोन्ही खुणा एकच सांगत होत्या: फोटो उलटा केलेला आहे. सेल्फी असता तर मी एवढ्यावर संशय घेतला नसता, कारण बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखाच साठवतो. पण हा फोटो दुसऱ्या कोणी तरी दहा पावलांवरून काढलेला होता.

गॅलरीच्या एडिटमध्ये जाऊन फोटो आडवा उलटवला. आता स्टिअरिंग डावीकडे गेलं, म्हणजे गाडी भारतातली उरली नाही. हा सुलटा केलेला फोटो पुन्हा लेन्समध्ये टाकला आणि Exact matches उघडलं. तीन पानं आली. सर्वांत जुनं पान सहा वर्षांपूर्वीचं, पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं, एका व्यायामशिक्षकाचं. तिथल्या फोटोत अख्खी गाडी होती, नंबरप्लेट होती, बाजूचं झाड होतं. मूळ कोणतं हे ठरवायला तारखेपेक्षा हा पुरावा मोठा. मोठ्या फोटोतून लहान तुकडा कापता येतो, पण कापलेल्या तुकड्यातून ते झाड आणि ती नंबरप्लेट परत आणता येत नाही. मैत्रिणीने डॉक्टरसाहेबांना व्हिडिओ कॉलचं विचारलं. कॅमेरा बिघडला होता. दुसऱ्या दिवशी प्रोफाइलच गायब.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग पद्धत चाललीच की! हो, कारण चोर आळशी होता. मुद्दा नेमका इथे आहे. शोधात फोटो दुसऱ्याच्या नावावर सापडला तर तुमच्या हाती ठोस काही तरी येतं. पण नाही सापडला, तर काहीच येत नाही. प्रायव्हेट इन्स्टाग्राम अकाउंटमधले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपी, कुटुंबाच्या ग्रुपवरचे लग्नाचे फोटो या कोणत्याही सर्च इंजिनला दिसत नाहीत. ओळखीतल्या कोणी तिथून फोटो उचलला तर लेन्स, टिनआय, यांडेक्स सगळे पालथे घातले तरी पाटी कोरीच राहणार. आणि संगणकाने बनवलेला, अस्तित्वातच नसलेला चेहरा असेल तर शोधायला मूळ फोटोच नाही.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. सगळ्यांत जास्त ‘काही सापडत नाही’ कोणाचं? सावध, खऱ्या मुलीचं. तिला माहीत असतं की लिंक्डइनवरचा फोटो डेटिंग अ‍ॅपवर टाकला तर कोणीही अनोळखी माणूस तो शोधून तिचं पूर्ण नाव आणि ऑफिस काढेल. म्हणून ती मुद्दाम कुठेही न टाकलेले फोटो वापरते. शोधात ती कोरी. सराईत भामटाही कोरा. उलट जो सरळमार्गी माणूस सगळीकडे एकच फोटो ठेवतो तो लगेच सापडतो, कंपनीच्या नावासकट. म्हणजे या परीक्षेत भोळा चोर आणि भोळा सज्जन दोघे उघडे पडतात, आणि हुशार चोर आणि हुशार सज्जन दोघे सारखेच दिसतात. जी परीक्षा या दोघांत फरक करू शकत नाही, तिच्या ‘पास’ला प्रमाणपत्र कोण म्हणेल? तरीही फसलेल्या मुलीला आपण त्याच परीक्षेवरून नापास करतो.

माझा खरा राग मात्र त्या कँटीनवर नाही. ज्यांच्याकडे ही तपासणी करण्याची साधनं आहेत, त्यांनी ती आपल्या गळ्यात टाकली आहे, यावर आहे. मी बाहेरून एका फोटोचा स्क्रीनशॉट काढून इंटरनेटवर आशेने भिरकावतो. अ‍ॅपच्या सर्व्हरवर मात्र मूळ फाइल असते, आणि तक्रारीनंतर बंद केलेल्या प्रोफाइलचे फोटोही तिथेच आलेले असतात. नव्या फोटोचा ठसा त्या जुन्या फोटोंशी ताडून पाहणं, सुलटा एकदा आणि उलटा एकदा, हे फार अवघड काम नाही. कुकरच्या फोटोंसाठी आम्ही ते करतो. टिंडरने २०२०मध्ये सेल्फी घेऊन फोटो पडताळण्याची सोय आणली, बंबलने त्याआधीच. चांगलं झालं. पण पडताळणी ऐच्छिक ठेवली की ती टाळणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. आणि ती निळी खूणसुद्धा एवढंच सांगते की सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला चेहरा एक आहे. तो डॉक्टर आहे, अविवाहित आहे, पुण्यात आहे, यातलं काहीही ती सांगत नाही.

म्हणून सल्ला द्यायचाच असेल तर पूर्ण द्या. अ‍ॅपची सजावट कापून शोधा, Exact matches बघा, खिसा आणि बटणं बघा, उलटवून पुन्हा शोधा. सेल्फीपेक्षा मागे पाटी, गाडी, इमारत असलेला फोटो निवडा, आणि माणूस वगळून फक्त ती मागची बाजूही शोधून पाहा. सापडलं तर ज्याचा फोटो चोरला गेला त्याला शिव्या घालू नका, त्याचीही फसवणूकच झाली आहे. जमल्यास त्याला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आणि काही सापडलं नाही तर तुम्ही शोधाआधी जिथे होता तिथेच आहात, असं समजा. व्हिडिओ कॉल, प्रत्यक्ष भेट, पैशाचा विषय निघाला की पूर्णविराम, हे सगळं अजून बाकीच आहे.

आणि पुढच्या वेळी कोणी फसलं, तर ‘फोटो शोधला नाहीस का’ हा प्रश्न अ‍ॅप चालवणाऱ्यांना विचारा. शोधण्याचं सामान त्यांच्याकडे आहे.