ओल्या गोणपाटाची मर्यादा

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील रेशीम कीटक संगोपनगृहांच्या खिडक्यांना ओली गोणपाटे लावली जातात. तापमान पुरेसे उतरले नाही, की अधिक जोराचा पंखा बसविण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला अनेकदा अनाठायी ठरतो.

ओल्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो. भोवतालची उष्णता त्याच थरातून आत येते आणि पाण्याची वाफ त्याच थरातून बाहेर जाते. वारा वाढला की थर पातळ होतो. पण तो दोन्ही प्रवाहांसाठी सारखाच पातळ होतो. बाष्पीभवन दुप्पट झाले, तर येणारी उष्णताही जवळपास दुप्पट होते. म्हणून समतोलाचे तापमान जागेवरच राहते. हेच ओल्या फुग्याचे तापमान. पंख्याने खोलीत थंड हवा अधिक येते आणि पाणी अधिक खर्ची पडते. परंतु गोणपाट या तापमानाखाली उतरत नाही.

दुपारी हवा ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २२ अंश येते. अंतर १८ अंशांचे. पडद्याने त्यातील तीन पंचमांश साधले, तर आत येणारी हवा २९ अंशांच्या आसपास असते व तिची आर्द्रता साधारण ५४ टक्के होते. प्रौढ कीटकांना २४ ते २६ अंश हवे असतात. म्हणजे उणीव अजून उरतेच. ती भरण्यासाठी पंख्याचा जोर नव्हे, तर पडद्याची जाडी आणि त्याचा सलग ओलावा वाढवावा लागतो. जोराचा वारा पडद्याच्या फटींतून कोराच निसटतो.

जुलैत हवा ३२ अंश व आर्द्रता ८० टक्के असताना हेच अंतर जेमतेम ३ अंशांचे राहते. तोच पडदा तेव्हा दोन अंशही उतरवू शकत नाही. उलट आतील आर्द्रता नव्वदीपार जाते आणि मस्कार्डिनच्या बुरशीला पोषक वातावरण मिळते. पावसाळ्यात गोणपाट काढून ठेवलेलेच बरे. बंद खोलीतही असेच घडते: दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर काही वेळाने गारवा थांबतो.

या हिशेबाला एक अपवाद आहे, तो उन्हाचा. शेततळ्याला ऊन थेट लागते. उन्हाची उष्णता हवेच्या थरातून येत नाही, त्यामुळे तळ्याचे पाणी दुपारी ओल्या फुग्याच्या तापमानापेक्षा गरम राहते आणि तेथे वारा त्याला खरोखर थंड करतो. उन्हात टांगलेल्या गोणपाटाची गत तळ्यासारखीच. म्हणून ते सावलीतच असावे.

पंख्याच्या खरेदीपूर्वी दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून दोन्ही सावलीत, वाहत्या हवेत धरावेत. दोहोंतील अंतर पाच अंशांहून कमी भरले, तर त्या दिवशी पडदा भिजवू नये.