जंपर म्हणजे नेमकं काय?

सोलापूरजवळच्या वळसंगच्या एखाद्या जुन्या घरात आजीनं ‘माझा जंपर दे’ म्हटलं, तर ती ब्लाउज मागत असते. शेजारच्या कानडी मुलखातही जंपर म्हणजे ब्लाउजच. हाच शब्द लंडनमध्ये स्वेटरला लावतात, आणि अमेरिकेतल्या शाळांत मुली शर्टावर बिनबाह्यांचा जो झगा घालतात त्याला. आपले शिंपी त्याला ट्युनिक म्हणतात.

माणसामाणसांत हा घोळ हसण्यावारी जायचा. आता भाषांतराचं काम एआय मॉडेलकडे गेलंय आणि मॉडेलनं कपडा कधी हातात घेतलेला नाही. एखाद्या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात, त्यावरून ते अर्थ धरतं. ज्या देशाचा मजकूर जास्त, त्या देशाचा अर्थ वरचढ. वळसंगच्या आजीचं बोलणं फारसं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. समजा, तिथल्या एका कारखान्याला परदेशातून इंग्रजीत ऑर्डर आली : निळे जंपर 200, पांढरे व्हेस्ट 200. गिऱ्हाईक ब्रिटिश असेल तर त्याला स्वेटर आणि बनियन हवेत. अमेरिकन असेल तर ट्युनिक आणि जाकीट. मॉडेल ‘स्वेटर आणि जाकीट’ असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं लिहून मोकळं होऊ शकतं. वाक्य इतकं सफाईदार असतं की शंकाच येत नाही. उलटं इंग्रजी करून ताडून पाहिलं तरी चूक सापडेलच असं नाही, कारण स्वेटरचं इंग्रजी जंपरही होऊ शकतं.

कुर्तीचंही तसंच. आपल्या दुकानात ती लेगिंगवर घालायची. राजस्थानी पोशाखातली कुर्ती कांचळीवर घालतात, आखूड आणि बिनबाह्यांची. पॅन्टबद्दल तर बोलायलाच नको, ब्रिटनमध्ये ती आतली चड्डी असते.

ऑर्डरच्या कागदावर जकातीचा एचएस कोड असेल तर आधी तो पाहावा. विणलेले स्वेटर आणि विणलेली जाकिटं 6110 मध्ये येतात, तर होजियरीचे बनियन 6109 मध्ये. म्हणजे व्हेस्टपुढे 6109 दिसला की जाकिटाचा प्रश्न मिटला. मात्र सुरुवातीच्या चौकशीत हा कोड बहुधा नसतोच. मग मापांचा तक्ता बघायचा. जंपरला बाहीचं माप दिलं असेल तर तो स्वेटर. बाहीचा रकानाच नसेल आणि लांबी गुडघ्याच्या आसपास जात असेल तर ट्युनिक.

तक्ताही नसेल, तर ‘जंपरला बाही आहे का?’ एवढं गिऱ्हाइकाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत कापडाला कात्री लावू नका.