मुदत नको, ड्युरेशन सांगा

या आठवड्यात पुन्हा तोच सल्ला कानावर आला: व्याजदर उतरणार आहेत, तेव्हा सर्वात लांब मुदतीचे सरकारी रोखे घ्या, पैसा सरकारकडे आहे, बुडणार नाही. बुडणार नाही हे खरे. पण रोख्याची किंमत पडायला सरकार बुडावे लागत नाही, बाजारातला यील्ड चढला तरी पुरते. किंमत साधारण किती पडेल हे आधी काढता येते, तरी विकणारे ते सांगत नाहीत, याची मला चीड आहे.

हिशेब एका गुणाकाराचा आहे. मॉडिफाइड ड्युरेशनला यील्डमधल्या बदलाने गुणा. किंमत साधारण तेवढे टक्के उलट्या दिशेला सरकते. ७ टक्के व्याजाचे, सहामाही हप्त्यांचे आणि आज १०० रुपयांना मिळणारे दोन सरकारी रोखे घेऊ, एक १० वर्षांचा, दुसरा ४० वर्षांचा. पहिल्याचे ड्युरेशन ७.१, दुसऱ्याचे १३.४. यील्ड पाव टक्का चढला की पहिला सुमारे १.७८ रुपयांनी उतरतो, दुसरा ३.३४ रुपयांनी. मुदत चौपट, पण फटका दुपटीहूनही कमी. कारण ४० वर्षांनी परत मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल जेमतेम ६.४० रुपये आहे. उरलेली सगळी किंमत वाटेतल्या व्याजाच्या हप्त्यांची, आणि त्यातले बरेच हप्ते लवकर हाती येतात. हेच हप्ते नसलेला ४० वर्षांचा रोखा असेल, तर ड्युरेशन थेट ३८.६ वर जाते. म्हणून असे रोखे घेणाऱ्या गिल्ट फंडाची नुसती सरासरी मुदत सांगणे म्हणजे जोखीम न सांगणेच. फॅक्टशीटमध्ये ड्युरेशन छापलेले असते. ते पहिल्या पानावर, रुपयांतल्या फटक्यासह यायला हवे, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि लिहीत राहीन.

हा हिशेब अंदाजे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पाव टक्क्याला ४० वर्षांचा रोखा प्रत्यक्षात ३.२५ रुपयांनीच पडतो. नऊ पैशांचा फरक. यील्ड दोन टक्के चढला तर मात्र गुणाकार २६.७ रुपयांची घट दाखवतो आणि खरी घट २१.६ भरते, दोन टक्के उतरला तर वाढ ३४.५ होते. किंमत आणि यील्ड यांचे नाते सरळ रेषेचे नाही, वक्र आहे, आणि इथे ती वक्रता धारकाच्या बाजूची आहे. छोट्या बदलापुरता गुणाकार पुरतो, मोठ्याला पूर्ण किंमत मांडावी लागते.

दुसरा आक्षेप, मुदतपूर्तीपर्यंत रोखा ठेवला तर काय बिघडते? स्वतःच्या नावावर रोखा असेल आणि पैसे मध्ये लागणार नसतील, तर ठरलेले हप्ते आणि मुद्दल मिळतेच. पण गिल्ट फंडाला मुदतपूर्ती नसते. व्यवस्थापक जुने रोखे विकून नवे घेत राहतो आणि पैसे काढताना मिळते ती त्या दिवशीची एनएव्ही. वर्षभरात ४० वर्षांच्या रोख्याचा यील्ड अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त चढला, तरी वर्षाचे ७ रुपये व्याज किंमत पडण्यात वाहून जाते. १० वर्षांच्या रोख्याला तेच व्हायला एक टक्क्याहून जास्त चढ लागतो.