जास्तीची गादी कोणाच्या हिशेबात?

भिशीच्या पैशातून किंवा घरखर्चातून वाचवलेल्या चार पैशांतून मैत्रिणींनी मिळून दोन दिवस बाहेर जायचं, हे आता रोहण्यासारख्या गावातही नवं राहिलेलं नाही. आर्वी, अमरावती, परतवाडा करत चिखलदरा गाठला की थंड हवा, धुकं, गप्पा. सगळं छान! कुरकुर सुरू होते ती परत आल्यावर, हिशेबाच्या वेळी. आणि त्यातही एखादीचं लेकरू सोबत असेल, तर बिलातली ‘एक्स्ट्रा बेड’ची ओळ सगळ्यांच्याच मनात खुपते. बोलत मात्र कुणीच नाही.

एक उदाहरण घेऊ या. समजा, चौघी मैत्रिणी आणि एकीची नऊ वर्षांची मुलगी. दोघींसाठी एक अशा दोन खोल्या, भाडं रात्रीला २००० रुपये. मुलीसाठी जास्तीची गादी, रात्रीला ६०० रुपये. दोन रात्रींचे खोल्यांचे ८००० आणि गादीचे १२०० झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ४६०. (रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्केच कर आहे. आधी तो बारा टक्के होता.) एकूण बिल ९६६० रुपये.

आता वाटणी कशी करायची? सरळ चार भाग केले तर प्रत्येकीला २४१५ येतात. म्हणजे गादीपायी इतर तिघींनी प्रत्येकी ३१५ रुपये भरले. “आमची लेकरं आम्ही घरी ठेवून आलो, मग हे का?” असं एखादीच्या मनात येणारच. दुसरी म्हणते, माणसं पाच, तर भाग पाच करा. मग एक भाग १९३२ चा, आणि आईने दोन भागांचे ३८६४ द्यायचे. वरवर बरोबर वाटतं, पण इथे आईवर अन्याय होतो. कारण मुलीमुळे तिसरी खोली घ्यावी लागली नव्हती. वाढली ती फक्त गादी.

म्हणून हिशेबाला बसताना एकच प्रश्न विचारायचा. लेकरू आलं नसतं, तर ही ओळ बिलात आली असती का? नसती आली, तर ती आईची. आली असती, तर ती सगळ्यांची. इथे खोल्या आणि त्यावरचा कर मिळून ८४०० होतात, त्याचे चार भाग म्हणजे प्रत्येकी २१००. गादीचे करासह १२६० आईचे. आईचे एकूण ३३६० झाले.

पण हाच प्रश्न कधी उलट उत्तरही देतो बरं का! समजा, तिघी एकाच खोलीत राहिल्या आणि पाच वर्षांचं लेकरू आईच्या कुशीत झोपलं. तिथे गादी लागली ती तिसऱ्या बाईसाठी. ते पैसे तिघींत वाटायचे. आईच्या माथी मारायचे नाहीत.

खोली ठरवताना फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या. मुलांच्या वयाची मर्यादा काय? ती प्रत्येक हॉटेलात वेगळी असते. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण गादी मागितली की पडतात. दुसरं, जास्तीचा आकार गादीचा आहे की माणसाचा? काही ठिकाणी गादी नको म्हटलं तरी माणशी पैसे लावतात. नाश्ता त्यात धरलाय का, हेही विचारा. वय आधी सांगितलं नाही, तर काउंटरवर ऐनवेळी रक्कम वाढते आणि वाद तिथेच पेटतो. वयासाठी मुलाचं आधार कार्ड सोबत असू द्या. निघताना बिल ओळीओळीने वाचा. गादी एकच रात्र घेतली असेल, तर एकाच रात्रीची लावलीय ना, ते पाहा.

आणि एक गोष्ट बाकीच्या तिघींसाठी. लेकरामुळे ती मैत्रीण आलीच नसती तर? दोन खोल्या तर लागल्याच असत्या. ८४०० तिघींत वाटले की प्रत्येकी २८०० होतात. ती आल्यामुळे तुमचे ७०० रुपये वाचले. गादीचे ३१५ उचलूनही तुम्ही फायद्यातच राहता. म्हणून “गादी आपण सगळ्या मिळून देऊ” असं तुम्ही म्हणालात, तर तो काही तोट्याचा सौदा नाही. फक्त ते तुम्ही आपणहून म्हणायचं, तिने मागायचं नाही. आणि म्हणायचं ते खोली ठरवतानाच. नाहीतर घरी आल्यावर एक मनातल्या मनात ३१५ मोजत बसते आणि दुसरी पुढच्या वर्षी “मला जमणार नाही गं” म्हणून घरीच राहते.